श्यामभावजींची भुवई

माझ्या नवऱ्याने घासलेटाला नऊ मार्क दिले. दहापैकी नऊ, आणि तेही माझ्या डोळ्यांदेखत! अजून आठवलं की डोकं सुन्न होतं. पण मार्कांचं काय घेऊन बसलात, त्यापाठोपाठ जे कळलं ते त्याहून अचाट होतं.

मुलुंडला आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये श्यामसुंदर राहायचे. मी त्यांना श्यामभावजी म्हणायची. फोर्टातल्या एका कंपनीत ते चहा चाखायच्या नोकरीला होते. हसू नका, अशी नोकरी असते. मळ्यांकडून नमुने येतात, हे चाखतात, आणि यांनी मान डोलावली की कंपनी पेट्याच्या पेट्या उचलते. दिवसभर फुर्र फुर्र करून थुंकायचं आणि वर पगार घ्यायचा! पण नाकाला माणूस काय जपायचा! कांदा नाही, लसूण नाही, तपकीर नाही, डोक्याला वासाचं तेल नाही. मी मोगऱ्याचा गजरा माळून गेले की दारातच हात जोडायचे, "वहिनी, गजरा बाहेर!" एकदा आमच्याकडची चहाची पूड नुसती हुंगून म्हणाले, "या डब्यात आधी हिंग होता ना?" होता की! मी आणि विद्याधर, म्हणजे माझा नवरा, एकमेकांकडे बघतच राहिलो.

सत्तावन्न साली तापाची मोठी साथ आली. श्यामभावजीही अंथरुणाला खिळले, उठले, कामावर रुजू झाले. मग त्यांनी हे नवीन खूळ काढलं. महिन्यातून एका रविवारी संध्याकाळी मित्रांना घरी बोलवायचं आणि ऑफिसातून आणलेल्या चहाच्या नमुन्यांची आंधळी परीक्षा घ्यायची. आंधळी म्हणजे कुठल्या ग्लासात कुठल्या मळ्याचा चहा, हे चाखणाऱ्याला ठाऊक नाही. परीक्षक कोण? तर आमचे विद्याधर, शाळेत चित्रकला शिकवणारे नंदकिशोर, आणि खालच्या मजल्यावरचे धाकूभाऊ. धाकूभाऊ पूर्वी गिरणीत होते, आता पोस्टात. चहातलं तिघांनाही ओ की ठो कळत नव्हतं.

आत स्वयंपाकघरात भावजींची बायको मृणालिनी आणि मी. तराजूच्या एका पारड्यात चार आण्यांची पावली, दुसऱ्यात तेवढ्याच वजनाची पूड. प्रत्येक नमुन्याला वेगळी किटली. पाणी नुकतंच उकळलेलं हवं, पुन्हा तापवलेलं चालायचं नाही. घड्याळ लावून पाच मिनिटं झाकून ठेवायचं, मग फडक्यातून गाळून सारख्या ग्लासांत सारख्याच उंचीपर्यंत ओतायचं. मृणालिनी ग्लासाच्या बुडाला खळीने मळ्याच्या नावाची चिठ्ठी डकवायची आणि पाठ फिरवायची. मग मी ग्लासांची अदलाबदल करून पुढे एक, दोन, तीन असे आकडे ठेवायची. दूध नाही, साखर नाही. आरेची दुधाची बाटली नुसती दिसली तरी भावजी खेकसायचे. एकमेकांचं उष्टं नको म्हणून ज्याने त्याने आपल्या वाटीत थोडा थोडा ओतून घ्यायचा. थुंकायला मध्ये पितळी तस्त ठेवलेलं, पण दुसऱ्याच्या घरी थुंकणार कोण? तिघे सगळा चहा गिळायचे आणि रात्रभर कूस बदलत पडायचे.

आधी भावजी स्वतः चमचाभर चाखायचे, मग हे तिघे. प्रत्येकापुढे आखलेला कागद: रंग, वास, चव, आणि शेवटी दहापैकी मार्क. परीक्षा संपली की भावजी कागद गोळा करून ऑफिसच्या बॅगेत घालायचे. मला वाटायचं, हौस आहे बापड्याला.

त्या रविवारी स्टोव्ह भरताना मृणालिनीच्या हातून घासलेट सांडलं. तिने ते पुसलं, आणि घाईगर्दीत त्याच फडक्यातून एक चहा गाळला गेला. मी ट्रे उचलला आणि भपकन वास आला. तीन नंबरचा ग्लास! म्हटलं, आता भावजी ओरडणार. ती गंमत बघायला म्हणून मी मुकाट ट्रे नेऊन ठेवला आणि कडेला उभी राहिले.

भावजींनी चमचा भरला. फुर्र! डोळे मिटले, उजवी भुवई वर गेली. "वा! काय सुवास आहे!"

मी गारच पडले. आणि पुढे बघते तर काय! धाकूभाऊंनी घोट घेतला, तोंड कारल्यासारखं केलं, भावजींच्या भुवईकडे पाहिलं आणि लिहिलं नऊ. नंदकिशोर मास्तरांचे तर डोळे पाणावले, तरी नऊ. आणि आमच्या या शहाण्यानेही नऊ!

"अहो, मेल्यांनो, घासलेट आहे ते!" मी किंचाळलेच.

मृणालिनी आतून धावत आली. तिने ग्लास हुंगला, मग नवऱ्याकडे पाहिलं. भावजींचा चेहरा पांढराफटक झाला होता.

"माका वाटला, म्हागाची चाय अशीच आसतली," धाकूभाऊ पुटपुटले.

कोणी हसलं नाही. भावजींनी चमचा खाली ठेवला. "मला वास येत नाही," ते म्हणाले. "तापातून उठलो तेव्हापासून. काहीच येत नाही. चहा काय, गरम पाणी काय, सारखंच."

"आणि ऑफिसात?" मृणालिनीने ग्लास हातात धरूनच विचारलं.

"इथे तुम्ही मार्क देता ना, तेच तिकडे सांगतो. ज्याला जास्त मार्क, तो चहा घ्यायचा. म्हटलं, तीन धडधाकट जिभा आहेत, माझ्या एका नाकाचं काम निभेल. आपली खरेदी झकास चालली आहे म्हणून साहेबांनी पाठ थोपटली परवा." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "नाक गेलं कळलं तर नोकरी गेलीच गं."

मी विद्याधरकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली होती.

"श्यामराव," ते कसेबसे म्हणाले, "आम्ही कुठे चाखत होतो? तुमची भुवई बघून मार्क टाकत होतो. तुम्ही जाणकार. तुमच्यापुढे आम्ही काय वेगळं लिहिणार?"

"मी पण," मास्तर म्हणाले. धाकूभाऊंनीही मान डोलावली.

म्हणजे भावजी या तिघांच्या जिभेवर विसंबलेले आणि तिघे भावजींच्या भुवईवर! एवढे महिने मुंबईकरांनी जो चहा विकत घेऊन प्यायला, तो कोणीच चाखला नव्हता. भुवई तरी कशी हलायची? "सवयीने," भावजी म्हणाले, "मनाला येईल तशी." मी धपकन खाली बसले. अहो, बसणार नाही तर काय करणार!

रडेल असं वाटलं ती मृणालिनी रडली नाही. कडक आवाजात म्हणाली, "उद्या साहेबांना सांगायचं. नोकरी गेली तर जाऊ दे. तुम्ही एकट्याने हे एवढं पोटात ठेवलंत, आणि मी आपली दूध करपलं तरी उठत नाही म्हणून तुमच्यावर तोंड टाकत बसले!"

त्यांनी सांगितलं. साहेबांनी नोकरीवरून काढलं नाही, पण चहा चाखायच्या टेबलावरून उठवलं. माझगावच्या गोदामात पेट्या मोजायला धाडलं. पगार घटला आणि भावजींचं बोलणंही.

पुढच्या महिन्यातल्या रविवारी मृणालिनीने आम्हाला आपणहून बोलावलं. तेच ग्लास, तेच कागद, घरात उरलेले जुने नमुने. या खेपेस भावजींची खुर्ची भिंतीकडे तोंड करून. भुवई दिसायची सोय नाही! तिघांचे मार्क तीन तऱ्हेचे पडले, भांडणं जुंपली, धाकूभाऊ तर चक्क तस्तात थुंकले.

"कुठला काय आहे, आता उघडून बघा," भावजी भिंतीकडे बघतच म्हणाले. आवाजात जीव नव्हता.

"थांबा," मृणालिनी म्हणाली. इतक्या महिन्यांत तिने एकदाही चाखला नव्हता. तिने एकेक ग्लास नुसता हुंगला आणि चौथ्यापाशी थांबली. "हा दार्जिलिंग."

"तुला गं काय ठाऊक?" भावजी म्हणाले.

"लग्न झालं तेव्हा संध्याकाळी तुमच्या कोटाला हाच वास यायचा. मी तो खुंटीला लावायची ना."

मी ग्लास उचलून बुडाची चिठ्ठी वाचली. दार्जिलिंगच होता.

भावजी उठले. त्यांनी तो ग्लास माझ्या हातून घेतला, नाकाशी नेला आणि डोळे मिटून उभे राहिले. भुवई हलली नाही. चहा निवला तरी त्यांनी ग्लास खाली ठेवला नाही.