अश्वजित सर आणि उलटा रकाना

अश्वजित सर खुर्चीवर बसलेले मी फक्त एकदाच पाहिले आहेत, आणि तेव्हाही त्यांचा एक पाय दाराकडे होता. तुमसरच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात ते भौतिकशास्त्र शिकवतात, मी गणित. दोघेही तासिका तत्त्वावर, म्हणजे तास घेतला तर मास्तर, नाही तर वाटसरू. सर सकाळी इथे आणि दुपारी मोहाडीच्या एका कॉलेजात शिकवत असल्यामुळे त्यांच्या अंगात एस.टी.च्या कंडक्टरची घाई कायमची शिरली आहे. जेवतातही उभ्याने. त्यांची बायको म्हणते, बौद्ध पद्धतीच्या लग्नात सप्तपदी नव्हती हे बरं, नाहीतर हा माणूस सात पावलांत मोहाडीले पोचला असता.

पेपर तपासण्यातही तीच घाई. त्यासाठी सरांनी एक शोध लावला होता. शर्टाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून पट्टी करायची, तिच्यावर बरोबर उत्तराचा रकाना स्केचपेनने वरून खाली लिहायचा, आणि ती पट्टी पोराच्या कागदावरच्या शेवटच्या रकान्याला चिकटवून धरायची. जुळलं तर टिक, नाही जुळलं तर गोळा. चहा थंड व्हायच्या आत अर्धा वर्ग संपायचा.

बारावीच्या लॉजिक गेटच्या वर्कशीटला हीच पट्टी फिरली. प्रश्न असा होता: A आणि B हे दोन इनपुट. A एकीकडे नॉट गेटमधून जातो, म्हणजे उलटा होतो. दुसरीकडे A आणि B मिळून अँड गेटमध्ये जातात. या दोघांचे आउटपुट ऑर गेटमध्ये सोडायचे, दोघांपैकी एकही १ असला तर शेवटी १. या जोडसर्किटची सारणी भरा. सरांच्या पट्टीवर वरून खाली होतं: १, १, ०, १.

वर्गात दोघांचा रकाना निराळा निघाला. एक अनुप, सरांचा लाडका, ज्याची वही ते दुसऱ्या वर्गात नेऊन दाखवायचे. दुसरी रीना, चिखल्याहून बसने येणारी, मागच्या बाकावरची; त्या दिवशी अनुप उशिरा येऊन तिच्याच शेजारी बसला होता. दोघांचंही १, ०, १, १. हुबेहूब.

आता दोघं एकसारखं चुकले म्हणजे एकाने दुसऱ्याचं पाहिलं, इथवर सरांचा तर्क ठीक होता. पुढे मात्र तर्काने मोटरसायकल पकडली. अनुप कोणाचं पाहणार? कोणाचं येतं त्याच्यापेक्षा जास्त? म्हणजे अनुपची घाईत चूक झाली आणि रीनाने ती चूक चोरली. सरांनी भरवर्गात तिला उभं केलं.

"कोणाचं पाहून लिहलं?"

"कोणाचं नाही सर."

"मंग अनुपसारखं कसं निघालं? तुझा आन त्याचा मेंदू एकाच दुकानातून घेतला का?"

वर्ग हसला. रीना अनुपकडे बघत राहिली, आणि अनुप पेनाचं टोपण लावण्यात इतका गुंतला की जणू ते टोपण पहिल्यांदाच पाहत होता. सरांनी तिच्या वहीत लाल शाईने लिहिलं: 'उद्या वडिलांना घेऊन यावे. कॉपी.' तास संपला, सर वर्गाबाहेर.

स्टाफरूममध्ये मला त्यांनी दोन्ही कागद दाखवले, ते माझ्यावर चिडायला म्हणून. "पाहा गणितवाले, तुम्ही लॉजिक शिकवता ना यांले? हे तुमचं लॉजिक!" आणि ते खिडकी ते दार, दार ते खिडकी करू लागले.

तेवढ्यात रीनाची मैत्रीण टीना दारात आली. "सर, रीना रडत रडत बसस्टँडवर गेली जी. तिचे बाबा तिले आता घरीच बसवतीन. ॲडमिशनच्या टाइमलेच बोलले होते, कॉलेजातून एक जरी तक्रार आली त नाव काढतो म्हणून."

"पाहायचं कायले मंग दुसऱ्याचं?" सर म्हणाले, पण चालता चालता त्यांचा वेग वाढला. टीना गेली.

मी रीनाचा कागद पाहत होतो. १, ०, १, १. हा रकाना माझ्या ओळखीचा होता. मी तो दरवर्षी फळ्यावर लिहितो: खरं, खोटं, खरं, खरं. 'जर हे तर ते' या विधानाची सारणी. आणि मग माझं लक्ष शेवटच्या रकान्यावरून पहिल्या दोन रकान्यांकडे गेलं.

"सर, थांबा जरा."

"बोला, मी ऐकून राहिलो." थांबले मात्र नाहीत.

"पोरीची पहिली ओळ पाहा. तुम्ही शिकवता शून्य-शून्यापासून. ००, ०१, १०, ११. तिने सुरुवात केली ११ पासून. मग १०, मग ०१, शेवटी ००."

"कायले?"

"कारण माझ्या तासाला तसंच लिहितात. गणिताच्या पुस्तकात खऱ्या-खऱ्यापासून सुरुवात. तुमच्या पुस्तकात शून्य-शून्यापासून. दोन्ही पुस्तकं एकाच दप्तरात."

सर थांबले. मी बोट ठेवत गेलो. दोन्ही १ असताना: नॉटमधून ०, अँडमधून १, ऑरचं उत्तर १. A एक, B शून्य: नॉटमधून ०, अँडमधूनही ०, उत्तर ०. A शून्य, B एक: नॉटमधून १, उत्तर १. दोन्ही शून्य: नॉटमधून १, उत्तर १. चारही ओळी बरोबर. फक्त सारणी डोक्यावर उभी होती, आणि पुठ्ठ्याला हे कळत नव्हतं.

"म्हणजे अनुपचंही बरोबर," सर आशेने म्हणाले.

अनुपचा कागद त्यांनीच ओढून घेतला. त्याची सुरुवात ०० पासून, सर शिकवतात तशी. नॉटचा रकाना बरोबर, अँडचा बरोबर. दुसरी ओळ: नॉट १, अँड ०, आणि उत्तर ०. तिसरी ओळ: नॉट ०, अँड ०, आणि उत्तर १.

"दोन्हीकडून शून्य आलं," सर हळू आवाजात म्हणाले, "मंग हा एक कुठून आला बे?"

कुठून आला ते दोघांनाही दिसत होतं. शेवटचा रकाना शेजारच्या कागदावरून जसाच्या तसा उतरला होता, ओळी न पाहता. अगदी पट्टी उतरवते तसा. मी हे बोललो नाही. माणसाला एका दिवशी किती द्यायचं.

सर खुर्चीवर बसले. हाच तो एकमेव प्रसंग. मग ताडकन उठून म्हणाले, "चला."

"कुठे?"

"चिखल्याले. बाप घरी यायच्या आत वही वापस घ्या लागते."

मोहाडीला त्यांनी 'गाडी पंक्चर' असा निरोप दिला आणि त्याच गाडीवर मला मागे बसवलं. मँगनीजचे ट्रक समोरून येत होते, ताडपत्रीखालून काळी भुकटी उडवत, आणि सर मान पूर्ण मागे वळवून बोलत होते. "पोरीनं सांगितलं काहून नाही मले? म्हणायचं ना, सर ओळ पाहा."

"तुम्ही बोलू दिलं का?"

यावर त्यांनी मान पुढे केली, तेवढा माझा जीव वाचला.

खाणीच्या कॉलनीत घर सापडायला वेळ लागला नाही. पण बाप आधीच घरी होता. तेजराम पहिल्या पाळीवरून येऊन अंगणात पाय धूत बसला होता. रीना दाराशी, वही छातीशी धरून. चेहऱ्यावरून कळत होतं की अजून सांगितलेलं नाही. तिची आई मंगलाबाई आमच्याकडे बघून म्हणाली, "या माय, सरच आले!" आणि तिच्या आवाजातला आनंद अर्ध्या वाटेतच विझला. कॉलेजचा मास्तर आपणहून घरी येतो म्हणजे काय, हे तिला कळायला वही वाचायची गरज नव्हती.

तेजरामने लोटा खाली ठेवला. "काय केलं पोरीनं?"

तक्रार थांबवायला आलेला माणूस स्वतःच तक्रार होऊन अंगणात उभा होता. सरांच्या हातातली किल्ली गरगर फिरत होती.

"काही नाही केलं जी. म्हणजे मीच केलं. तिनं सारणी खालून वर लिहली, म्हणजे वरून खालीच, पण माझी पट्टी..."

"सर, सीधं सांगा."

"तिचं बरोबर होतं. मी तिले कॉपी केली म्हणालो."

"कुठी म्हणाले?"

"वर्गात."

"सगळ्याईसमोर?"

"हाव."

तेजरामने रीनाकडे हात केला. तिने वही दिली. लाल शाई त्याने सावकाश वाचली. खाणीत रोज जमिनीच्या पोटात उतरणाऱ्या माणसाला घाई नसते. सर एका पायावरून दुसऱ्या पायावर. मी मध्ये पडून म्हणालो, "हे खोडून टाकतो म्हणून आलो आम्ही. तुम्हाला उद्या यायची गरज नाही."

"गरज काहून नाही? बोलावलं ना मले?" त्याने वही मिटली. "घरी येऊन सांगितलं, चांगलं केलं. पण बोलले तिथी, आन खोडता इथी? मी येतो उद्या. मी मागे उभा राहीन, तुम्ही वर्गात सांगा. नाही सांगितलं त पोरीले घरी घेऊन येतो, तिथूनच."

"बाबा!" रीना म्हणाली.

"तू चूप."

चहा झाला. परतीच्या वाटेवर सरांनी मान एकदाही मागे वळवली नाही, आणि मला त्यांचं बोलणं बरं होतं असं वाटू लागलं.

दुसऱ्या दिवशी तेजराम पाळी बदलून आला. धुतलेला पांढरा सदरा, हातात टोपी. मागच्या भिंतीला टेकून उभा राहिला. माझा तास रिकामा होता, म्हणून मी दाराशी.

सरांनी फळ्यावर सर्किट काढलं. खडू मोडला. दुसरा घेतला. "काल मी रीनाले कॉपी म्हणालो," फळ्याकडे तोंड करूनच ते म्हणाले, आणि मग वळले, कारण मागून तेजराम बघत होता. "तिचं उत्तर बरोबर होतं. मी शेवटचा रकाना पाहिला. पहिला पाहिला नाही. चूक माझी."

वर्गात कोणी हसलं नाही. उलट सगळे अस्वस्थ झाले. मास्तर चुकल्याचं सांगतो तेव्हा पोरांना कुठे बघावं कळत नाही.

"रीना, ये. तुझी सारणी लिही."

तिने लिहिली, ११ पासून. अंक सरळ, एकाखाली एक.

"अनुप, उभा हो. ऑर गेटमध्ये एकीकडून एक, एकीकडून शून्य. उत्तर?"

"एक, सर."

"तुझ्या दुसऱ्या ओळीत काय लिहलं?"

अनुप कागदाकडे बघत राहिला. "शून्य."

"काहून?"

अनुपने पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. सर त्याच्यासमोर किती तरी वेळ उभे राहिले, न हलता. त्यांना एवढं स्थिर मी पाहिलं नव्हतं, आणि वर्गानेही. शेवटी अनुप पुटपुटला, "तिचं पाहून लिहलं, सर."

"बस. तुझ्या बाबाले मी आज फोन करतो. चिठ्ठी नाही देत."

मागे तेजरामने टोपी डोक्यावर घातली. बाकांच्या मधून तो रीनाजवळ आला. तिच्या बोटांना खडू लागलेला होता आणि ती चेहऱ्यावर काही येऊ न देण्याची खटपट करत होती.

"मी चाललो," तो म्हणाला. "तू सगळे तास पुरे करून ये."