सांवेर रोडवरची तुटक रेघ

माझा स्वभाव क्षमाशील नाही. घरी, अन्नपूर्णा भागात, आई म्हणते, सोडून दे गं. मी सोडत नाही. सांवेर रोडच्या आमच्या पंपांच्या कारखान्यात दोन माणसांनी मिळून माझं सिनियर इंजिनियरचं पद घालवलं, आणि मी ते दोघांकडूनही वसूल केलं. कसं केलं ते सांगते.

मी क्वालिटीत लागले तेव्हा कारखान्याची रचना सरळ होती. कामाप्रमाणे खाती पाडलेली, ज्याला फंक्शनल म्हणतात तशी. खरेदीवाले खरेदीच्या साहेबांखाली, उत्पादनवाले उत्पादनाच्या, आणि पंप शेतीचा असो, बोअरमधला सबमर्सिबल असो की कारखान्यांसाठीचा, तपासणारे आम्ही सगळे एकाच क्वालिटी हेडच्या हाताखाली. ते आमचे सर. सर म्हणाले रोखा, की माल रुकला. कुणाला विचारायचं, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही. त्रास एवढाच, की एखाद्या पंपाची तक्रार आली की ती खात्याखात्यांतून फिरत राहायची. अमुक एक पंप अख्खा माझा, असं म्हणणारा मालकांच्या खाली कुणीच नव्हता.

म्हणून मालकांनी, म्हणजे सेठजींनी, एक सल्लागार बोलावला आणि मॅट्रिक्स आलं. प्रत्येक पंपाला एक प्रॉडक्ट मॅनेजर. सबमर्सिबलला मिळाला तो गोडबोल्या, सगळ्यांच्या गळ्यात हात टाकणारा. त्याला सगळे भिया, म्हणजे भैया, म्हणत, मीही म्हणे. भिंतीवरच्या तक्त्यात माझ्या चौकोनातून सरांकडे पक्की रेघ गेली आणि भियाकडे तुटक. दिवसभराचं काम भिया सांगणार, तपासणीचे नियम आणि बढती सरांकडे. कल्पना वाईट नव्हती. दोघांचं पटलं नाही तर शेवटचा शब्द कुणाचा, तेवढं मात्र कुणी ठरवलं नाही.

त्यातून आमच्याकडची रीत अशी, की खरे निर्णय मीटिंगमध्ये होतच नाहीत. ते सकाळी गेटबाहेरच्या पोह्यांच्या ठेल्यावर होतात. हातात पोह्यांची प्लेट, वर सेव, आणि तोंडी हुकूम.

महिनाअखेर होती. सबमर्सिबलच्या एका लॉटमध्ये प्रेशर टेस्टला काही सील पाझरले. सील पाझरला की पाणी मोटरमध्ये जातं आणि वाइंडिंग जळतं. मी लाल पट्टी लावून माल रोखला. दुसऱ्या दिवशी ठेल्यावर भिया म्हणाला, "अरे मॅडम, निकाल दो ना माल. तुमच्या सरांशी बात झाली आहे माझी."

मी सरांकडे गेले. विचारलं, "सर, सबमर्सिबल सोडायचा का?"

सरांनी मान वर केली नाही. "डिस्पॅच त्याचा विषय आहे ना आता? मग त्यालाच विचार. मला कशाला मध्ये घेतेस?"

एकाने सोड म्हटलं, दुसऱ्याने रोख म्हटलं नाही. मी हिरवी पट्टी लावली.

माल परत आला, जळलेल्या मोटरींसकट. सेठजींनी सगळ्यांना उभं केलं. भिया हात जोडून म्हणाला, "सेठजी, क्वालिटी तो अपने नीचे है ही नहीं. अपनी तो डॉटेड लाइन है." सर म्हणाले, "ती दिवसभर प्रॉडक्टवाल्यांबरोबर असते. मला काय सांगते ती?" दोघांनी एकमेकांकडे पाहिलंही नाही, इतकं ते जमून आलेलं होतं. त्या वर्षी माझं ठरलेलं पद रुकलं. भियाला विचारलं तर म्हणे, बढती सर देतात. सरांना विचारलं तर म्हणाले, भियाचा रिपोर्ट बरा नाही. मला नाही म्हणणारा माणूसच सापडेना. त्या रागाने मला रात्र रात्र झोप आली नाही. या दोघांना एकाच फटक्यात आडवं करायचं, एवढंच डोक्यात होतं.

संधी सेठजींनीच दिली. तक्रारी थांबेनात, तेव्हा ते एकेकाला केबिनमध्ये बोलवून विचारू लागले. मला म्हणाले, "आप बताइए मॅडम, गड़बड़ कहां है?"

रडगाणं गायला मी गेलेच नव्हते. मी म्हटलं, "सेठजी, सबमर्सिबल पूरा भिया को दे दीजिए. उत्पादन, खरेदी, क्वालिटी, सब. शेतीचा वेगळा, इंडस्ट्रियलचा वेगळा. हर एक का एक ही मालिक."

ते खूश झाले, पण खर्चाला हुशार माणूस. म्हणाले, मग पंप तपासायचे टेस्ट बेंचसुद्धा तीन लागतील. मी म्हटलं, लागतील. आणि हेही सांगितलं, की ज्याला माल पाठवायची घाई, त्याच्याच हाताखाली तपासणारा आला तर तो त्याला दाबू शकतो. यातलं काही मी लपवलं नाही. सेठजी म्हणाले, "दबाएगा तो पकड़ा भी वही जाएगा." मला हेच ऐकायचं होतं.

तसंच झालं. कारखाना डिव्हिजनल झाला. सरांचं खातं तीन तुकड्यांत वाटलं गेलं आणि त्यांच्याकडे सल्लागार नावाची पाटी आणि एक खुर्ची उरली. त्यांच्या टेबलासमोरून जाताना मी रोज नमस्कार करायची. त्यांना तो झोंबायचा, ते मला दिसायचं, आणि बरं वाटायचं.

भिया तर हवेत होता. मी त्याची शिफारस केली हे त्याला कळलं होतं. ठेल्यावर त्याने मला जिलेबी खिलवली. मी ती चवीने खाल्ली.

पुढच्या महिनाअखेरीला पुन्हा सील पाझरले. मी लाल पट्टी लावली. ठेल्यावर, सगळे पोहे खात असताना, भिया म्हणाला, "निकाल दो मॅडम." मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "भिया, सील लीक आहे, माझ्या मते माल रोखायला हवा. पण आता डिव्हिजन तुमची, फैसला तुमचा." तो हसला. "अरे, निकाल दो यार." मी पट्टीला हात लावला नाही. त्याने लाल काढून हिरवी स्वतः लावली.

माल परत आला. सेठजींनी पुन्हा सगळ्यांना उभं केलं. "किसने छोड़ा?"

भियाची मान सवयीने माझ्याकडे वळली. "सेठजी, वो क्वालिटी..."

"क्वालिटी किसके नीचे है?"

तो तक्त्याकडे बघत राहिला. तुटक रेघ आता कुठेच नव्हती. शेवटी म्हणाला, "मेरे." कारखान्याचा प्लांट हेड तोच होणार, असं बोललं जायचं. त्या दिवसानंतर ते बोलणं कुणाच्या तोंडी आलं नाही.

संध्याकाळी मी त्याच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, "भिया, माझ्या सिनियरच्या पदाचं काय?"

तो सवयीने म्हणाला, "वो तो देखो, सर से..." आणि थांबला. मी ठेल्यावर काय बोलले होते ते साऱ्या कारखान्याने ऐकलं होतं. नाही म्हटलं असतं, तर का नाही ते सेठजींपुढे त्याला एकट्यालाच सांगावं लागलं असतं.

मी खुर्ची ओढून बसले. म्हटलं, "तुम्हीच सांगा भिया. आता दुसरं कुणीच नाही."

त्याने हो म्हटलं. मी आभार मानले नाहीत.