नाडीचे शंभर गुण

दुष्काळाच्या त्या वर्षी मी दहावीत होते. तेव्हा मॅट्रिक अकरावीला असायची, म्हणजे अजून एक वर्ष पुढे होती. आमचं श्रीगोंदा तालुक्यातलं गाव मोठं, बाजाराचं, पण विहिरींनी तळ दाखवला होता. पहाटे उठून मळ्यातल्या एका विहिरीवर नंबर लावायचा, दोन खेपा आणायच्या, मग भाकरी बांधून शाळा. वर्गात सगळ्यांचीच तऱ्हा ही. पहिल्या तासाला निम्मी डोकी बाकावर टेकलेली असायची आणि मास्तरही फार ओरडत नसत.

विज्ञानाचे सर मात्र तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाचं मनावर घेऊन बसले होते. खर्च करायला शाळेकडे काही नव्हतं. म्हणून त्यांनी असे प्रयोग निवडले, ज्यांना माणसं सोडून काही लागत नाही. हात किती चपळ, हृदय किती वेगानं चालतं आणि दम किती टिकतो, हे वर्गातल्या वीस जणांवर मोजायचं. आमच्यातले खेळाडू आणि न खेळणारे यांच्यात किती फरक पडतो, ते त्यांना तक्त्यावर दाखवायचं होतं.

चपळाई मोजायला फूटपट्टी पुरली. एकानं ती वरून उभी धरायची, दुसऱ्यानं खालच्या शून्यापाशी बोटं उघडी ठेवायची. न सांगता पट्टी सोडली की चिमटीत पकडायची. बोटं कुठल्या आकड्यावर मिटली ते बघायचं. वीस सेंटिमीटरवर मिटली, तर सेकंदाचा साधारण पाचवा भाग गेला, असं सरांनी हिशेब करून दाखवलं. कबड्डीच्या संघातली मुलं यात पुढे असतील असं सर धरून चालले होते. पण ती सकाळी पाझर तलावाच्या कामावर माती वाहून यायची. पट्टी त्यांच्या बोटांतून सरळ जमिनीवर जायची. सर पुन्हा करायला लावायचे, पट्टी पुन्हा खाली.

नाडी मोजायचं काम माझ्याकडे आलं, कारण मला ती पटकन सापडायची. दोन बोटं मनगटावर ठेवायची, अंगठा नाही, कारण अंगठ्याला स्वतःचे ठोके असतात. दमाच्या परीक्षेसाठी मुलांना वीस इंचाची आणि मुलींना सोळा इंचाची पायरी. वर, वर, खाली, खाली, अशी दोन सेकंदांत एक फेरी, पाच मिनिटं. ज्याला जमेना त्यानं थांबायचं. मग बसवून एका मिनिटानं अर्धं मिनिट नाडी मोजायची, दोन मिनिटांनी पुन्हा अर्धं मिनिट, तीन मिनिटांनी पुन्हा. जितके सेकंद चढउतार केली त्याला शंभरानं गुणायचं आणि तिन्ही आकड्यांच्या बेरजेच्या दुपटीनं भागायचं. साठ-सत्तर गुण आले तर बरं, नव्वदच्या वर उत्कृष्ट. आमच्या वर्गात पंचाहत्तरच्या पुढे कोणी गेलं नव्हतं.

एका शनिवारी शेवटची राहिली ती माझ्याच बाकावरची मैत्रीण. शांत मुलगी, खेळात कधी नव्हती. तिनं ओठ घट्ट मिटून पाच मिनिटं पूर्ण केली आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसली. तेवढ्यात सरांना हेडमास्तरांनी बोलावलं. त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. "नीट मोज गं, ही शेवटचीच," म्हणाले आणि गेले.

मी तिचं मनगट धरलं. भिंतीला पाठ टेकली. ऊन पायरीपर्यंत आलं होतं. पहिलं मिनिट संपायची वाट बघत होते, एवढंच आठवतं. भानावर आले तेव्हा घड्याळाचा काटा पाच मिनिटं पुढे गेला होता आणि मैत्रीण तशीच बसून होती.

तिला पुन्हा चढायला लावायचं माझ्या जिवावर आलं. तिच्यासाठी की माझ्यासाठी, ते आजही नक्की सांगता येणार नाही. आकडे उतरत जातात एवढं मला माहीत होतं. मी वहीत साठ, अठ्ठेचाळीस, बेचाळीस लिहिले.

सोमवारी सरांनी हिशेब केला. बेरीज दीडशे, गुण बरोबर शंभर. सर खुर्चीतून उठले. "बघा, कधी मैदानावर न गेलेली मुलगी! रोज पाणी वाहते त्याचा हा परिणाम." सगळा वर्ग तिच्याकडे बघायला लागला. मला तेव्हाच बोलायला हवं होतं. सरांचा इतक्या दिवसांनी उजळलेला चेहरा बघून जीभ हलली नाही. त्यांनी तक्त्यावर शंभर हा आकडा लाल शाईनं लिहिला आणि प्रदर्शनात प्रात्यक्षिक तिच्यावरच करायचं ठरवलं.

प्रदर्शन तालुक्याच्या गावच्या शाळेत होतं. आम्ही तिघं पहिल्या एसटीनं गेलो. परीक्षक वयस्कर होते, पण घड्याळ लावून स्वतः समोर उभे राहिले. मैत्रीण पायरीवर चढायला लागली. दोन मिनिटांनंतर तिची लय तुटली. तीन मिनिटं झाली आणि ती पायरीवरच बसली. परीक्षकांनी तिला पाणी दिलं, नाडी स्वतः मोजली. पंचाहत्तर, अडुसष्ट, बासष्ट. कागदावर भागाकार करून त्यांनी तक्त्याकडे पाहिलं.

"इथं शंभर आहेत. मला चव्वेचाळीस मिळाले."

सर म्हणाले, "आमच्या मोजण्यात काही चूक झाली असेल." माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. परीक्षक पुढच्या टेबलाकडे गेले.

परतीच्या गाडीला वेळ होता. स्टँडवर सावली शोधून आम्ही बसलो. मी सरांना सांगितलं. रडू येईल असं वाटलं होतं, तेही आलं नाही, इतकी मी दमले होते.

सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "एक जागा रिकामी सोडली असतीस तरी चाललं असतं," ते म्हणाले. "एकोणीस जणांचं खरं होतं ना. आता त्या एकोणिसांवर कोण विश्वास ठेवणार?" मग उठून तिघांसाठी चहा सांगायला गेले.

ते गेल्यावर मैत्रीण हळूच म्हणाली, "मला ठावं हुतं."

"काय?"

"तू डोळं मिटलंस तवाच. तुझी बोटं सैल पडली हुती. म्हटलं, निजू दे. म्या हात हलवला न्हाई."

"मग सोमवारी का नाही बोललीस?"

तिनं पदरासारखी ओढून घेतलेली ओढणी नीट केली. "घरी सांगितलं, शंभर मिळालं म्हनून. आईला लई बरं वाटलं. मग ऱ्हाऊ दिलं." थोड्या वेळानं म्हणाली, "आज सकाळी काय खाल्लं न्हवतं मी. न्हाई तर पाच मिनिटं केलं असतं."

सर परत आले, मागोमाग चहा आला. सरांनी स्वतःचा कप अर्धाच प्यायला आणि पिशवीतला भाकरीचा डबा काढून तिच्यापुढे सरकवला. तिनं नको म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात सरांनी तक्ता भिंतीवर लावला. लाल आकड्यावर त्यांनी कागदाचा तुकडा चिकटवला होता, त्यावर काही लिहिलं नव्हतं. मला ते कोणासमोर बोलले नाहीत. नाडी मोजायचं काम मात्र त्यांनी दुसऱ्या मुलीला दिलं आणि मला बरं वाटलं. मैत्रिणीला पुन्हा परीक्षा देतेस का विचारलं, तर ती म्हणाली, "आता न्हाई सर." सरांनी मान डोलावली आणि फळ्याकडे वळून पुढचा धडा सुरू केला. मी वही उघडली. शेजारी तिनं बाकावर डोकं टेकलं होतं. तास संपेपर्यंत मी तिला हलवलं नाही.