चौथ्या दिवशीचं वजन

माझ्या मोठ्या जावेनं मला आयुष्यात दोनदा मारलं, आणि दोन्ही वेळा एकाच दिवशी. त्या दिवशी मी तिला चावलेसुद्धा. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या घरात या गोष्टीचा विषय काढायचा नाही असं कुणी न ठरवताच ठरून गेलं आहे, आणि अशा आपोआप ठरलेल्या गोष्टींचा मला मनापासून राग येतो.

तळेगावात आमचं धान्याचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे घर. दीर शेती पाहतात, माझा नवरा तूर-सोयाबीनची खरेदी पाहतो आणि गल्ल्यावर जाऊ बसते. दुकानात पोती तोलायचा मोठा इलेक्ट्रॉनिक काटा आहे. त्या काट्यावर आख्ख्या गावाचा विश्वास आहे. जावेवर तर त्याहून जास्त, कारण ती कुणाला एक दाणा जास्त देत नाही आणि कुणाचा एक दाणा घेत नाही. तिला दोन मुलगे, मला लग्नाला आठ वर्षं होऊनही काही नाही. आम्हा दोघींचं पटत नव्हतं, एवढं म्हटलं की पुरे.

नागपूरच्या एका केंद्रात माझे टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार चालू होते. दहा-बारा दिवस पोटात इंजेक्शनं टोचून घेतली आणि एका सोमवारी भूल देऊन माझी अंडी काढली. तेवीस निघाली. मला वाटलं, आपण जिंकलो. डॉक्टरबाईंचा चेहरा मात्र तसं काही सांगत नव्हता.

"तेवीस म्हणजे जास्तच आहेत," त्या म्हणाल्या. "अंडाशयं सुजलेली आहेत. रोज सकाळी उपाशीपोटी वजन करायचं, पोटाचा घेर मोजायचा. एका दिवसात किलोभर वाढलं, पोट फुगलं, ओटीपोटात दुखलं, लघवी कमी झाली, दम लागला, तर वाट बघायची नाही, फोन करायचा. सगळं ठीक असेल तर शनिवारी, पाचव्या दिवशी, गर्भ आत ठेवू. नसेल तर गोठवून ठेवू, पुढे कधीतरी पाहू."

हे सगळं त्यांनी छापील कागदावरही दिलं. नवऱ्यानं तो कागद दुकानातल्या कॅलेंडरला टाचून ठेवला, म्हणजे कुणीच वाचणार नाही अशा जागी. माझ्या डोक्यात मात्र एकच शब्द अडकला होता. गोठवू.

आमच्या सासूबाई रात्रीची पोळी सकाळी खात नाहीत. फ्रिज घरात आला तेव्हा त्यांनी महिनाभर त्यातलं पाणीही प्यायलं नाही. मी नवऱ्याला गोठवण्याचं सांगत होते ते त्यांनी स्वयंपाकघरातून ऐकलं आणि पोळी लाटता लाटता म्हणाल्या, "बर्फातलं लेकरू? आपण शिळी भाजी खात नाई, अन् शिळं लेकरू पोटात ठेवाचं? मले नाई चालत."

मी भांडकुदळ बाई आहे. भाजीत मीठ कमी आहे म्हटलं तरी मी दिवसभर बोलत नाही. तेव्हा मात्र गप्प बसले, कारण मलाही आतून तेच वाटत होतं. आपलं मूल बर्फात पडून आहे आणि आपण इकडे ज्वारी पाखडतोय, हे मला सहन होणार नव्हतं. शनिवार काहीही करून गाठायचा, हे मी ठरवलं.

मंगळवारी सकाळी शटर उघडायच्या आधी मी काट्यावर उभी राहिले. अठ्ठावन्न किलो चारशे. बुधवारी एकोणसाठ आठशे. सलवारची नाडी सैल बांधावी लागली. केंद्रातून नर्सचा फोन आला, मी म्हटलं, "अठ्ठावन्न पाचशे." गुरुवारी एकसष्ट सहाशे. ओटीपोटात दोन्ही बाजूंनी असं ओढत होतं की जिना चढताना मी कठड्याला धरून उभी राहायचे. दोन घास खाल्ले तरी उलटी. दिवसभरात दोनदाच लघवी झाली, तीही चहासारखी गडद. नर्सला सांगितलं, "अठ्ठावन्न सहाशे, आणि बरं वाटतंय." खोटं बोलताना माझा आवाज जरासुद्धा हलला नाही.

शुक्रवारी मी काट्यावर चढलेच नाही. आता एकच दिवस काढायचा होता.

सकाळी दहाच्या सुमारास सासूबाईंनी माझ्या पोटाकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "गुण आला व्हय," त्या म्हणाल्या. "पोट भरून आलं." मी दुखतंय म्हटल्यावर त्यांनी निदान बदललं. वायू धरला, म्हणाल्या. हिंग कालवून कोमट तेल आणलं, मला स्वयंपाकघरात चटईवर निजवलं आणि दोन्ही तळवे पोटावर ठेवून जोर लावला.

मी अशी किंचाळले की ओट्यावरचं मांजर पळालं. आत कुणीतरी काहीतरी पिळतंय असं वाटलं. मी पाय झाडला, तो सासूबाईंच्या छातीत बसला आणि त्या तेलाच्या वाटीसकट मागे पडल्या. तेवढ्यात जाऊ दुकानातून धावत आली. तिनं आधी सासूकडे पाहिलं, मग माझ्या पोटाकडे.

"आत्याबाई," ती सासूला म्हणाली, "हात नका लावू तिच्या पोटाले." मग मला, "वजन किती हाये आज?"

"अठ्ठावन्न."

"उठ. काट्यावर चल."

"नाई येत."

तिनं माझ्या दंडाला धरलं आणि मला स्वयंपाकघरातून दुकानात ओढत नेलं. मी चौकट धरली, तिनं बोटं उचकटली. तुरीच्या पोत्याला धरलं तर पोतंच सरकलं. दोन गिऱ्हाइकं पिशव्या घेऊन उभी होती, ती भिंतीला चिकटली. मला नीट श्वास घेता येत नव्हता तरी मी शिव्या देत होते. आठ वर्षांत पहिल्यांदा मी तिला 'तू' म्हटलं. "तुले दोन हायेत म्हणून तुले जळते. माही कूस उजवू नये वाटते तुले."

तिनं मला फाडकन थोबाडीत मारली. मी तिचं मनगट तोंडात धरलं आणि सोडलं नाही. दातांना रक्ताची चव लागली तेव्हाच सुटलं. तिनं हात मागे घेतला नाही, दुसऱ्या हातानं मला काट्यावर उभं केलं आणि धरून ठेवलं. लाल आकडे थांबले. चौसष्ट किलो शंभर.

"मंगळवारपासून किती?" तिनं विचारलं. "कागद मी रोज वाचतो. माह्यासमोरच टांगला हाये. काऊन लपवलं तू?"

मी काट्यावरच बसले.

नवऱ्याला फोन गेला, तो धान्याच्या बाजारातून, मोंढ्यातून आला. सगळं ऐकून तो काट्याकडे पाहत म्हणाला, "काटा बिघडला असन. पाचवा दिवस उद्याच हाये. कसंबी नागपूरले जाचंच हाये. एक दिवसानं काय होते?"

जावेनं मला काट्यावरून उतरवलं आणि कोपऱ्यातलं वीस किलोचं लोखंडी माप उचललं. रक्ताळलेल्या हातानं उचललं. मला वाटलं, ती ते त्याच्या पायावर टाकते. तिनं ते काट्यावर आदळलं, अख्खं दुकान हादरलं. वीस किलो, शून्य ग्रॅम.

"काटा बरोबर हाये," ती म्हणाली. "बायको फुगून राह्यली तुमची. गाडी काढा, नाईतं मी काढतो अन् तुमच्या आंगावरून नेतो."

नवऱ्यानं गाडी काढली.

वाटेतलं कारंजा गाव मागे पडेपर्यंत मी जावेच्या मांडीवर डोकं ठेवून पडले होते. आडवं पडलं की दम जास्त लागायचा, म्हणून तिनं मला बसवून छातीशी धरलं. मनगटाला तिनं पदराची चिंधी बांधली होती. केंद्राला तिनंच फोन लावला, आणि मी सांगितलेले सगळे खोटे आकडे खोडून खरे सांगितले. मला ते ऐकावं लागलं.

सोनोग्राफीत डॉक्टरबाईंनी पडद्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच माझ्यावर ओरडल्या. दोन्ही अंडाशयं मोसंबीपेक्षा मोठी झाली होती. रक्तातलं पाणी झिरपून पोटात साचलं होतं, फुप्फुसाखालीही थोडं होतं, आणि नसांतलं रक्त दाट झालं होतं. "दाट रक्ताची गाठ होते," त्या म्हणाल्या. "ती फुप्फुसात गेली तर आम्ही काही करू शकत नाही. आणि या पोटावर कुणी जोर दिला? सुजलेलं अंडाशय पिळवटलं असतं, फुटलं असतं." जाऊ खाली मान घालून उभी राहिली, सासूचं नाव तिनं घेतलं नाही.

मला भरती केलं. सलाईन लावली, रक्त पातळ राहायचं इंजेक्शन दिलं. सोनोग्राफीत बघत पोटात सुई घालून पाणी काढलं. पिवळसर पाणी बाटलीत उतरत राहिलं. पहिल्या दिवशी अडीच लिटर निघालं, आणि मला कितीतरी वेळानं पूर्ण श्वास घेता आला. पहिल्या पूर्ण श्वासात मी विचारलं, "उद्या सकाळी किती वाजता?"

"उद्या काही नाही. गर्भ गोठवणार," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आता गर्भ राहिला तर हाच आजार आणखी भडकेल. शरीर स्वतःच त्याला खतपाणी घालेल."

मी सलाईनची नळी उपटली. रक्ताची चिळकांडी चादरीवर उडाली. मी उतरायला पाय खाली टाकले आणि ओरडले की मेले तरी चालेल, पण बर्फात ठेवू देणार नाही. नवरा दाराशी रडत उभा होता. जावेनं मला दुसरी थोबाडीत मारली, पहिल्यापेक्षा जोरात, आणि मग माझं तोंड आपल्या खांद्यात दाबून धरलं.

"तू मेली तं ते कोणाच्या पोटात ठेवतीन?" ती म्हणाली. "ते राह्यते थंडीत. त्याले काई होत नाई. तू नाई राह्यत."

नर्सनं दुसऱ्या हातात सुई टोचली, मी हात पुढे केला.

आठ दिवसांनी घरी आले तेव्हा काट्यावर पुन्हा अठ्ठावन्न भरले. तीन महिन्यांनी पहिला गर्भ ठेवला, तो राहिला नाही. दुसरा राहिला.

माझी मुलगी आता चार वर्षांची आहे. रात्रीच्या पोळीचा कुस्करा तिला फार आवडतो. सासूबाई स्वतः करून देतात, तोंड वाकडं करून का होईना. दुपारी ती जावेशेजारी गल्ल्यावर बसते. परवा ती जावेचं मनगट हातात घेऊन त्यावरच्या खुणा मोजत होती. "मोठ्याई, हे काय झालं?"

मी आतून तांदूळ निवडत ऐकत होते. त्या दिवसाबद्दल मी जावेची माफी कधी मागितलेली नाही, तिनंही कधी आठवण काढली नाही.

"कुत्रं चावलं होतं," जाऊ म्हणाली.

"कोणतं कुत्रं?"

"घरचंच होतं," ती म्हणाली. "लय दुखत होतं त्याले."