हरवलेल्या चित्रातले आकडे

इथे हिंदी मुलखात, गोपालपुऱ्यातल्या कोचिंग क्लासमध्ये मी गणित शिकवते. एकदा सरावपत्रिकेत वेन आकृतीचं उदाहरण होतं, पण पाहणीचे आकडे ज्या चित्रात होते ते छापलंच गेलं नव्हतं. मुलं अंदाज बांधू लागली.

"अंदाज नको. पाहणी आपणच करू," मी म्हटलं.

वर्गात चाळीस मुलं. चहासाठी पंचवीस हात वर झाले, कॉफीसाठी अठरा.

मिलिटरी स्टेशनवरून, म्हणजे लष्करी वसाहतीतून, येणारी एक मराठी मुलगी चक्रावली. "मॅडम, मतलब त्रेचाळीस कसे?"

"दोन्ही पिणारे उभे राहा."

आठ जण उठले. तिच्या लक्षात आलं, ते दोनदा मोजले होते. तिने फळ्यावर वर्तुळं काढून सतरा, आठ, दहा असं भरलं.

"म्हणजे पाच जण वर्तुळांच्या बाहेर," ती म्हणाली.

दोन्ही न पिणाऱ्यांना मी हात वर करायला लावले. बरोबर पाच निघाले, आणि ती खुदकन हसली.