वेगळा आलेला रकाना

पेपर तपासायला मला कधीच आवडलं नाही. शिकवायला आवडतं, प्रॅक्टिकलला मुलांच्या मागे उभं राहून ओरडायला तर फारच आवडतं. पण एकाच उत्तराचे गठ्ठे पुढे आले की माझं डोकं फिरतं. अकोल्याच्या एका पॉलिटेक्निकात मी डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. माहेर अमरावतीचं, आता राहते इथल्या जठारपेठेत. घरी गठ्ठा नेला की स्वयंपाक बिघडतो, हा अनुभव असल्यामुळे मी कॉलेज सुटल्यावर लॅबमध्येच बसून तपासते.

त्या दिवशीची वर्कशीट सोपी होती. नँड नावाचं एक गेट असतं. त्याला दोन बाजूंनी शून्य किंवा एक द्यायचं, म्हणजे वीज नाही किंवा आहे. दोन्हीकडून एक आलं तरच ते शून्य देतं, नाहीतर एक. दोन इनपुटची अशी गेटं जोडून तीन इनपुटचं नँड तयार करा, त्याचं सर्किट काढा आणि खाली ट्रुथ टेबल भरा, एवढाच प्रश्न. ट्रुथ टेबल म्हणजे ए, बी, सी या तिघांच्या आठ जोडण्या एकाखाली एक लिहायच्या आणि शेवटच्या रकान्यात प्रत्येकीचं उत्तर. पुस्तकात हा रकाना आहेच. वरपासून सगळे एक आणि अगदी खाली, तिन्ही एक असतील तिथे, शून्य.

पहिली शीट उघडली, सर्किट चूक. ए आणि बी एका गेटात घातलेले, त्यातून निघालेलं आणि सी दुसऱ्या गेटात. दिसायला छान दिसतं, पण पहिलं गेट उत्तर उलटं करूनच बाहेर पाठवतं आणि ते उलटं उत्तर तसंच पुढे गेलं की सगळं बिघडतं. मध्ये अजून एक गेट घालून ते सुलट करून घ्यावं लागतं. ही चूक दरवर्षी होते, तिचं मला काही वाटत नाही. मात्र त्या चुकीच्या सर्किटखाली रकाना पुस्तकातला होता. दुसऱ्या शीटवरही तेच सर्किट, तोच रकाना. तिसरीवर तेच. कुठल्या तरी सिनियरची फाइल वर्गभर फिरली होती. सर्किट तिथून आलं, रकाना पुस्तकातून आला आणि दोघांची भेट घालून द्यायची तसदी कोणी घेतली नव्हती. मी लाल पेन खाली ठेवून चहा पिऊन आले, कारण असल्या वेळी मी शीटवर जे लिहिते ते नंतर मलाच वाचवत नाही.

परत आले आणि गठ्ठ्याच्या मधे कुठेतरी एका शीटवर रकाना वेगळा दिसला. एक, शून्य, एक, शून्य, एक, शून्य, एक, एक. सवयीने पेन फुलीकडे गेलं आणि थांबलं. सर्किट तेच होतं, सगळ्यांचं चुकलेलं. मी बोट ठेवून एकेक ओळ चालवून पाहिली. त्या सर्किटमधून हाच रकाना निघतो. चुकीच्या सर्किटचं ते अगदी बरोबर उत्तर होतं. सबंध वर्गात एकीने आपण काढलेल्या तारांमधून शून्य आणि एक खरोखर चालवून पाहिले होते.

मुलगी हिवरखेडची. घरची थोडी शेती, त्यात शेवंती आणि झेंडू. कॉलेजजवळच्या मुलींच्या होस्टेलवर वर्गातल्याच इतर तिघींबरोबर एका खोलीत राहायची. वर्गात फारसं बोलणारी नव्हती. दुसऱ्या दिवशी तिला बोलावून विचारलं, "पुस्तकातला रकाना माहीत नव्हता का तुला?"

"माईत होता, मॅडम."

"मग?"

"माह्या सर्किटमधून तो निघतच नाही. चार वेळा पाह्यलं. सर्किट कुठं चुकलं ते समजलं नाही, मंग जे निघालं ते लिहिलं."

मला त्या क्षणी इतका आनंद झाला की तो लपवायला मला खिडकीबाहेर पाहावं लागलं. इतकी वर्षं मी जे शिकवण्यासाठी घसा कोरडा करते ते एवढंच तर आहे. जे निघालं ते लिहायचं.

वर्गात मी तिचं नाव घेतलं नाही. शीट वाटल्या आणि म्हटलं, आपापलं सर्किट लॅबच्या किटवर जोडा आणि आपल्याच रकान्याशी ताडून पाहा. ए आणि बी शून्यावर ठेवून सी एकावर केला. ती सोडून सगळ्यांच्या रकान्यात तिथे एक होता, म्हणजे दिवा लागायला हवा. एकाही किटवर लागला नाही. कोणी तारा हलवल्या, कोणी आयसीची चिप बदलून मागितली. मग एकेक जण आपल्या शीटवरचा रकाना पुन्हा पाहू लागला. ज्यांचा रकाना सर्किटशी जुळत नाही त्यांना दोन्हीचे गुण नाहीत, हे मी शीटवर लिहूनच दिलं होतं. सर्किटचे गुण तिलाही नव्हते. रकान्याचे मात्र पूर्ण होते, आणि अशी वर्गात ती एकटीच. तिची शीट या हातातून त्या हातात गेली. तास संपताना ती तिच्याकडे परत आली तेव्हा चुरगळलेली होती.

त्यानंतर बरंचसं सुधारलं. पोरं एकमेकांना ओळी चालवून दाखवू लागली, चुकलेले रकानेसुद्धा आपापले चुकलेले येऊ लागले. माझी मान ताठ झाली होती, खोटं कशाला सांगू. पण ती शेवटच्या बाकावर गेली होती. किटवर दोघी-दोघींनी काम करायचं असतं. तिच्या खोलीतल्या एका मुलीने न विचारता जोडी बदलून घेतली. मी त्या तिघींना बोलावून विचारलं, तिला काही बोललात का? त्यांतली मोठी, तशी गुणी मुलगी, सरळ माझ्याकडे पाहून म्हणाली, "आमी तिले काईच म्हटलं नाही, मॅडम. बोलतच नाही आमी तिच्याशी."

यावर रागावून काय उपयोग होता? रागावले, आणि उपयोग झाला नाही.

मग एके दिवशी तिचे वडील आले. बाजारात फुलं टाकून तसेच आले असावेत, शर्टाला झेंडूचा वास होता. खुर्ची दिली तरी बसेनात.

"पोरगी घरी आली का बोलूनच नाही राहिली," ते म्हणाले. "माय इचारते तं म्हनते, होस्टेल सोडून देतो. आता मॅडम, हिवरखेडवून रोज अकोल्याले येनं-जानं काई जमत नाही. होस्टेल सुटलं का कालेज सुटलंच म्हना. कोनं काई म्हटलं काय तिले?"

मी त्यांना सगळं सांगितलं. गेट आणि रकाने बाजूला ठेवून सांगितलं, की सगळ्यांनी उतरवून लिहिलं, हिने स्वतः करून लिहिलं, त्यामुळे बाकीच्यांचे गुण गेले. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मला वाटलं होतं त्यांचा चेहरा उजळेल. तो उजळला नाही.

"पोरगी चांगलीच आहे माही," ते म्हणाले. "पन रात्री तिले ताप आला तं पानी कोन देईन, मॅडम? त्याच पोरी देतीन ना? तुमी सांगा तिले. म्हना, सगळ्याईसंग मिळून राय."

"तिने काही चूक केलेली नाही," मी म्हटलं.

"चूक कोन म्हनते," ते म्हणाले आणि निघाले. जाताना त्यांनी हात जोडले, त्याचा मला फार त्रास झाला. मी तिला तसं काही सांगितलं नाही. कसं सांगणार होते? घरी त्यांनीच सांगितलं असेल.

तिने होस्टेल सोडलं नाही. काही दिवसांनी कॉलेजच्या फाटकाबाहेर चौघी एका पाणीपुरीच्या गाडीवर दिसल्या. ती हसत होती, तिखटाने नाक ओढत होती. मी स्कूटर जरा हळू केली आणि पुढे निघून गेले. त्या संध्याकाळी मन हलकं होतं.

पुढची वर्कशीट कंसाची होती. ए आणि बी आधी ऑर गेटात घालायचे, मग त्याचं उत्तर आणि सी अँड गेटात. ऑरला एका बाजूने एक आलं तरी पुरतं, अँडला दोन्हीकडून लागतं. नेहमीची चूक म्हणजे कंस न बघता बी आणि सी आधी अँडमध्ये घालणं आणि त्याचं उत्तर मग ए बरोबर ऑरमध्ये. दोन्ही सर्किटांच्या रकान्यांत फरक पडतो फक्त दोन ओळींत, जिथे ए एक आणि सी शून्य आहे तिथे. चुकलेलं सर्किट तिथे एक देतं, बरोबर असलेलं शून्य.

बहुतेकांनी आपलं आपण केलं होतं. मग होस्टेलच्या त्या खोलीच्या चार शीट लागोपाठ आल्या. चारींवर कंस विसरलेलं सर्किट आणि चारींवर बरोबर सर्किटचा रकाना. चौथी तिची होती. मी ती दिव्याखाली धरली. त्या दोन ओळींत शाईच्या शून्याखाली पेन्सिल खोडलेली दिसत होती. खाली एक होता. तिने सर्किट चालवून पाहिलं होतं, खरा रकाना लिहिला होता, मग तो खोडून बाकी तिघींचा लिहिला होता.

मी खूप वेळ ती शीट पुढे घेऊन बसले. तिच्या पेन्सिलला गुण देता आले असते. पण मग शीटवर वेगळे गुण दिसले असते, आणि त्या शीट खोलीत एकाच पलंगावर पसरल्या जाणार होत्या. शिवाय नियम मीच केला होता. जुळत नाही, गुण नाहीत. मी चौथ्या शीटवरही शून्य लिहिलं.

दुसऱ्या दिवशी शीट वाटल्यावर तिला थांबवलं. बाकी तिघी दाराबाहेर तिची वाट पाहत उभ्या होत्या.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"हो."

"मग त्यांना सांगायचं ना, सर्किट चुकलं म्हणून. चौघींचं बरोबर आलं असतं."

तिने दाराकडे पाहिलं, मग शीटची घडी घालून बॅगेत ठेवली.

"मले किती भेटले, त्याईनं इचारलं," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, दुःखही नव्हतं. सुटका झाल्यासारखी ती बोलत होती. "शून्य सांगितलं. लय बरं झालं, मॅडम. आता सगळ्याईचं सारखं झालं."

आणि ती त्यांच्यात जाऊन मिसळली.