बॅटरीचे लाड

आमची आत्या घरीच शिवणकाम करते. वीज गेली तरी तिचं मशीन थांबत नाही, कारण इन्व्हर्टरची बॅटरी ती पोटच्या पोरीसारखी सांभाळते. तिचे यजमान, म्हणजे आमचे आतोबा, मदतीला उठले की मात्र तिचं काम हमखास वाढतं.

यंदा त्यांनी बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर काठोकाठ भरलं. चार्जिंग होताना ते आम्लासकट उतू गेलं आणि थोड्याच दिवसांत टर्मिनलांवर पांढरा-हिरवा थर चढला.

आत्याने कपाळावर हात मारला. "अहो, खुणेपर्यंतच घालायचं असतं! बॅटरी आहे ती, हंडा नव्हे!"

मग तिने इन्व्हर्टर बंद करून प्लग काढला, हातमोजे चढवले आणि आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह वायर सोडवली. बॅटरीची झाकणं घट्ट लावून, खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवलेल्या जुन्या टूथब्रशने तिने थर घासून काढला. सगळं कोरडं पुसून वायरी पुन्हा आवळल्या आणि वरून अगदी मायेने व्हॅसलीन लावलं.

आतोबा स्टुलावरून हे लाड बघत होते. त्यांनी हळूच भेगाळलेली टाच पुढे केली. "जरा इथेही लाव की."

आत्याने टाच नीट न्याहाळली आणि पुन्हा टूथब्रश उचलला.

"आधी घासावं लागेल."